नवं-जुनं थांबलं तेव्हा

१८ डिसेंबर १९९७ रोजी दक्षिण कोरियाच्या मतदारांनी किम दे-जुंग यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. तुरुंगवास, नजरकैद आणि परदेशातलं निर्वासित जिणं भोगलेल्या या विरोधी नेत्याचा विजय एरवी त्या वर्षातली सर्वांत मोठी बातमी ठरला असता. पण त्या दिवशी सोलमध्ये, बँक ऑफ कोरियात, वेगळाच हिशेब चालला होता. देशाकडे प्रत्यक्ष खर्च करता येतील असे जेमतेम ४ अब्ज डॉलर उरले होते, आणि त्या महिन्यात एकेका दिवशी १ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम बाहेर जात होती. नव्या अध्यक्षांचा शपथविधी फेब्रुवारीत व्हायचा होता. डॉलर तोवर पुरणार नव्हतेच. ते नाताळपर्यंत तरी पुरतील का, एवढाच प्रश्न होता.

हा काही भिकेला लागलेला देश नव्हता. कोरिया तेव्हा जगातली अकराव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होती. जेमतेम वर्षापूर्वी, डिसेंबर १९९६ मध्ये, श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत त्याला जागा मिळाली होती. १९९६ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे ७ टक्क्यांनी वाढली होती. महागाई ५ टक्क्यांच्या आत होती, सरकारचा जमाखर्च जवळपास जुळत होता आणि लोक उत्पन्नातला तिसरा हिस्सा बचत करत होते. सॅमसंगच्या चिप, ह्युंदाईची जहाजं, पोहांगचं पोलाद जगभर जात होतं. परकीय चलनाचं संकट म्हटलं की उधळं सरकार, छापलेल्या नोटा, बुडालेला महसूल असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. कोरियात यातलं काहीच नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे.

डॉलर का संपले, याचं उत्तर कोरियानं किती कर्ज घेतलं होतं यात फारसं सापडत नाही. ते कर्ज किती दिवसांनी फेडायचं होतं, यात सापडतं.

१९९०च्या दशकात कोरियानं परदेशी पैशाला दारं उघडली, पण ती उघडण्याची तऱ्हा विचित्र होती. परदेशातून दीर्घ मुदतीचं कर्ज आणायचं तर अर्थखात्याची परवानगी लागे, कागदपत्रं लागत, चौकशी होई. बँकांनी अल्पमुदतीचं कर्ज घेतलं तर मात्र ते व्यापारासाठीचं नेहमीचं उसनं समजलं जाई आणि त्याला जवळजवळ मोकळीक होती. परदेशी माणसानं कोरियन रोखे किंवा कंपन्यांचे शेअर घ्यायचे म्हटलं तर त्यावरही मर्यादा होत्या. म्हणजे टिकून राहणारा पैसा यायला अडथळे, आणि तीन महिन्यांत परत मागता येईल अशा पैशाला मोकळं रान. हा सगळा कारभार उदारीकरण या नावाखाली झाला. पैसा आत घेण्यापेक्षा कुठला पैसा आधी घ्यायचा, हा निर्णय महत्त्वाचा असतो, आणि कोरियानं तो उलटा घेतला, असं माझं मत आहे.

देणाऱ्या बाजूचे नियमही याच दिशेला ढकलत होते. बँकांनी किती भांडवल बाळगावं याचे आंतरराष्ट्रीय नियम स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे ठरतात. त्या काळच्या नियमांनुसार, ओईसीडीबाहेरच्या देशातल्या बँकेला वर्षाच्या आतल्या मुदतीनं कर्ज दिलं तर त्यातला फक्त २० टक्के भाग जोखमीचा धरला जाई. मुदत वर्षाच्या पुढे गेली की पूर्ण १०० टक्के. टोकियोतल्या किंवा फ्रँकफर्टमधल्या बँकेला हाच हिशेब सोयीचा होता. थोडक्या मुदतीनं द्या, पुन्हा पुन्हा द्या, भांडवल कमी अडकवा. थोडक्या मुदतीचं कर्ज देणाऱ्याला सुरक्षित वाटतं, कारण कधीही बाहेर पडता येतं. सगळ्यांनाच एकदम बाहेर पडायचं झालं तर काय, याचा विचार त्या नियमात नव्हता.

हा पैसा आत आणणाऱ्यांत कोरियाच्या मर्चंट बँका आघाडीवर होत्या. १९९४ ते १९९६ या काळात सरकारनं २४ लहान वित्तसंस्थांना मर्चंट बँक होण्याची मुभा दिली. देशात अशा ३० बँका झाल्या. त्यांतल्या अनेकांना परकीय चलनाच्या व्यवहाराचा अनुभव नव्हता. यातल्या एका बँकेचा व्यवहार कसा चाले ते पाहू. समजा तिनं टोकियोतल्या बँकेकडून १० कोटी डॉलर ९० दिवसांसाठी घेतले आणि तेच पैसे एका पोलाद कारखान्याला सात वर्षांसाठी दिले. घेताना व्याज कमी, देताना जास्त, मधला फरक हा नफा. कारखाना सात वर्षांनी पैसे देणार आणि टोकियोची बँक ९० दिवसांनी मागणार. मधली फट भरायची कशी? ९० दिवस भरले की तेच कर्ज पुन्हा ९० दिवसांसाठी घ्यायचं. ग्रामीण महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. ३१ मार्चच्या आसपास सोसायटीचं पीककर्ज 'नवं-जुनं' करायला शेतकरी जातो, तेव्हा जुनं कर्ज फेडल्याची नोंद होते, नवं दिल्याची नोंद होते, आणि पैसा जिथे आहे तिथेच राहतो. मर्चंट बँकेचं नवं-जुनं वर्षातून चारदा व्हायचं आणि ते डॉलरमध्ये असायचं, एवढाच फरक.

काही मर्चंट बँका याहून पुढे गेल्या होत्या. त्यांनी थोडक्या मुदतीचं उसनं घेऊन इंडोनेशिया, थायलंड, रशिया आणि लॅटिन अमेरिकेतले जास्त व्याजाचे रोखे विकत घेतले होते. कोरियाचं कारखानदारीशी काही देणंघेणं नसलेल्या ठिकाणी कोरियाच्या नावावर घेतलेले डॉलर अडकले होते.

१९९७ च्या मध्याला परदेशी बँकांचं कोरियाकडे सुमारे १०३ अब्ज डॉलर येणं होतं. त्यातले ७० अब्ज वर्षाच्या आत फेडायचे होते. देशाची परकीय गंगाजळी होती ३४ अब्ज डॉलर. या आकड्यांत कसलीही गुप्तता नव्हती. त्या काळी कर्जाच्या एकूण रकमेकडे सगळे पाहत, मुदतीच्या रकान्याकडे फारसं कुणी पाहत नसे.

आता थोडं गणित करू. हिशेबाला सोपं जावं म्हणून समजा, हे ७० अब्ज सगळे ९० दिवसांच्या मुदतीचे आहेत. मग दर दिवशी साधारण ७८ कोटी डॉलरची मुदत भरते. त्यातलं ९० टक्के नवं-जुनं झालं, तर रोज ७ ते ८ कोटी डॉलर बाहेर जातात. निर्यात करणाऱ्या देशाला ते झेपतं. नवं-जुनं होण्याचं प्रमाण एक तृतीयांशावर आलं, तर रोज ५० कोटींहून जास्त जातात आणि हाताशी ७ अब्ज असतील तर ते दोन आठवड्यांत संपतात. या दोन स्थितींमध्ये देशाचं कर्ज एका डॉलरनंही वाढलेलं नाही. कारखाने तेच, कामगार तेच, कर्ज तेच. फक्त समोरच्या माणसानं या वेळी सही केलेली नाही. अर्जेंटिनात जन्मलेले अर्थतज्ज्ञ गिलेर्मो काल्व्हो यांनी १९९८ मध्ये या प्रकाराची मांडणी केली आणि 'सडन स्टॉप' हे त्याचं नाव रूढ झालं.

प्रत्यक्षात असंच घडलं. कोरियाच्या मोठ्या बँकांचं परदेशी अल्पमुदतीचं कर्ज ऑक्टोबर १९९७ पर्यंत ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास नवं-जुनं होत होतं. नोव्हेंबरात ते प्रमाण ६० टक्क्यांच्या खाली आलं आणि डिसेंबरात एक तृतीयांशावर.

ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये असं काय घडलं? वर्षाची सुरुवातच वाईट झाली होती. जानेवारीत हानबो हा पोलाद समूह सुमारे ६ अब्ज डॉलरची देणी ठेवून बुडाला. मग सामी, जिन्रो, आणि जुलैत मोटारी बनवणारा किया समूह संकटात आला. कोरियाचे मोठे उद्योगसमूह स्वतःच्या भांडवलाच्या सरासरी चौपट कर्जावर चालत होते. १९९६ मध्ये मेमरी चिपच्या किमती कोसळल्या आणि चालू खात्यात २३ अब्ज डॉलरची तूट आली, तेव्हा या समूहांना श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. जुलैत थायलंडनं आपल्या बाहतचा आधार सोडला. ऑगस्टमध्ये सोल सरकारनं जाहीर केलं की आपल्या बँकांच्या परदेशी देण्यांमागे आपण उभे आहोत. वचन मोठं होतं, पण ते पाळायला लागणारे डॉलर सरकारकडे नव्हते, आणि कर्ज देणाऱ्यांना ते मोजता येत होतं.

तरीही निर्णायक धक्का कोरियाबाहेरून आला, आणि तो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. कोरियाला सर्वांत जास्त कर्ज जपानी बँकांनी दिलं होतं, जवळजवळ २४ अब्ज डॉलर. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानचीच वित्तव्यवस्था हादरली. महिन्याच्या सुरुवातीला सान्यो सिक्युरिटीज बुडाली, १७ तारखेला होक्काइदो ताकुशोकू ही बँक, आणि २४ तारखेला यामाइची सिक्युरिटीज ही देशातली बडी शेअरदलाल कंपनी. जपानी बँकांना स्वतःला डॉलर मिळेनासे झाले आणि मिळाले तर जादा व्याजानं. अशा वेळी बँक कुठून पैसा काढते? जिथली मुदत भरलेली आहे तिथून. सोलमधल्या कर्जदाराची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न तेव्हा दुय्यम होतो. टोकियोत आग लागली आणि पाणी सोलच्या विहिरीतून उपसलं गेलं.

जपानी बँका निघाल्या म्हटल्यावर युरोपीय आणि अमेरिकी बँकांच्या अधिकाऱ्यांपुढचा विचार सरळ होता. कोरिया दहा वर्षांत सगळं फेडू शकेल याची त्यांना खात्री होती. पण बाकीचे सगळे या आठवड्यात निघाले तर गंगाजळी मला पुरणार नाही, तेव्हा मी आधी निघालेलं बरं. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, आणि सगळ्यांचे मिळून परिणाम असे की ज्याची भीती होती तेच घडावं. यात कट नव्हता आणि सट्टेबाजांची फारशी गरजही नव्हती. बँकांनी काही विकलं नाही, कुठे मोर्चा नेला नाही. मुदत भरली आणि त्यांनी 'या वेळी नको' म्हटलं, इतकंच.

देशातल्या लोकांनी पैसा बाहेर नेणं, ज्याला भांडवल पलायन म्हणतात, ती वेगळी गोष्ट. ती अनेकदा याच्या आधी सुरू होते, कारण घरातल्यांना आधी वास येतो. १९९४ च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या पेसोवर संकट आलं तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांच्या आधी मेक्सिकोतलेच लोक बाहेर पडले होते, असं नंतरच्या तपासणीत दिसलं. कोरियात लोकांना पैसा बाहेर नेणं सोपं नव्हतं. म्हणून तिथे पलायनाचं रूप सौम्य होतं. निर्यातदारांनी मिळालेले डॉलर वॉनमध्ये बदलायला उशीर केला, आयातदारांनी पुढच्या महिन्याचे डॉलर आजच घेऊन ठेवले. दोघांपैकी कुणीही कायदा मोडला नाही. पण परदेशी बँका डॉलर मागत असताना देशातलाही प्रत्येक जण डॉलर धरून बसला होता.

वॉनचा भाव सावरण्यासाठी बँक ऑफ कोरिया डॉलर विकत होती. उन्हाळ्यात एका डॉलरला सुमारे ९०० वॉन पडत. १७ नोव्हेंबरला १,००० ची रेषा ओलांडली गेली. दोन दिवसांनी अर्थमंत्री बदलले. २१ नोव्हेंबरला कोरियानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागत असल्याचं जाहीर केलं.

नाणेनिधीचे अधिकारी सोलमध्ये आले आणि वह्या उघडल्या गेल्या, तेव्हा जे दिसलं त्यानं सगळ्यांचीच झोप उडाली. नोव्हेंबरअखेर कागदावर गंगाजळी २४ अब्ज डॉलरहून थोडी जास्त होती. त्यातले जवळपास १७ अब्ज डॉलर बँक ऑफ कोरियानं कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांमध्ये ठेव म्हणून ठेवले होते. त्या शाखांची कर्जं नवं-जुनं होत नव्हती, म्हणून त्यांनी ते डॉलर देणेकऱ्यांना देऊन टाकले होते. ते परत मागितले असते तर शाखाच बुडाल्या असत्या. खरोखर हाती होते ७.३ अब्ज. यात खोटेपणा नव्हता. पुस्तकात ठेव होती, तिच्यावर व्याजही लागत असेल. फक्त ती वापरता येत नव्हती. गंगाजळीचा आकडा आणि वापरता येणारी गंगाजळी यांतला फरक जगानं इथे शिकला. पुढे नाणेनिधीनं देशांसाठी आकडेवारी जाहीर करण्याचा जो नमुना कडक केला, त्यामागे हा अनुभव मोठा होता.

३ डिसेंबरला करार झाला. नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू स्वतः सोलमध्ये होते. निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना अध्यक्षपदाच्या उमेदवारांकडून हमी घेतली गेली की कुणीही निवडून आलं तरी अटी पाळल्या जातील. नाणेनिधीचे २१ अब्ज, जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि श्रीमंत देशांची आश्वासनं धरून एकूण ५५ अब्ज डॉलरहून मोठं पॅकेज जाहीर झालं. तोवरच्या इतिहासात इतकी मोठी मदत कुठल्या देशाला मिळाली नव्हती.

बाजार दोन-तीन दिवस थांबला आणि पुन्हा घसरू लागला. कारण साधं होतं. ५५ अब्ज हा मथळ्यातला आकडा होता, पैसा हप्त्याहप्त्यानं यायचा होता आणि श्रीमंत देशांनी कबूल केलेली दुसऱ्या फळीची रक्कम प्रत्यक्षात कधी मिळेल हे स्पष्ट नव्हतं. शिवाय आलेला हप्ता कोरियात टिकतच नव्हता. तो एका दारानं येई आणि मुदत भरलेल्या बँकांच्या हातून दुसऱ्या दारानं जाई. जी बँक आधी निघेल तिला नाणेनिधीच्या पैशातून पूर्ण रक्कम, आणि जी थांबेल तिला अनिश्चितता, असा तो मामला होता. घाई करणाऱ्याला बक्षीस देणारी मदत घाई कशी थांबवणार? २३-२४ डिसेंबरला डॉलरचा भाव २,००० वॉनच्या उंबरठ्यावर पोचला.

वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दोन मतं होती. एक, कोरियाला दिवाळखोरीत जाऊ द्यावं, म्हणजे कर्ज देणारे पुढच्या वेळी विचार करतील. दुसरं, ३७,००० अमेरिकी सैनिक जिथे उत्तर कोरियाच्या सीमेवर उभे आहेत तो देश कोसळू देता येणार नाही, आणि जपानच्या बँकाही सोबत जातील. दुसरं मत जिंकलं, पण या वेळी अट घालून. अमेरिकेचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह यांनी ठरवलं की सरकारी पैसा लवकर द्यायचा, पण खासगी बँकांनी बाहेर पडणं थांबवलं तरच.

नाताळच्या आधी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष विल्यम मॅकडोनो यांनी मोठ्या अमेरिकी बँकांच्या प्रमुखांना बोलावलं. इतर श्रीमंत देशांच्या अर्थखात्यांनी आणि मध्यवर्ती बँकांनी आपापल्या बँकांना फोन लावले. मागणी एवढीच होती की मुदत भरली तरी कर्ज परत मागू नका, थोडे दिवस पुढे ढकला. कायद्यानं कुणावर सक्ती करता येत नव्हती. पण प्रत्येक बँकेला हेही कळत होतं की सगळ्यांनी एकत्र थांबलं तर पूर्ण पैसे मिळतील, आणि सगळे पळाले तर बहुतेकांना काहीच मिळणार नाही. एकट्यानं थांबण्यात धोका होता, सगळ्यांनी थांबण्यात नव्हता. ती खात्री द्यायला कुणीतरी मध्ये उभं राहायला हवं होतं. २४ डिसेंबरला १० अब्ज डॉलर लवकर देण्याची घोषणा झाली आणि वर्ष संपण्याआधी मोठ्या बँकांनी थांबायचं कबूल केलं.

मग सुरू झालं रोजचं मोजमाप. कुठल्या देशाच्या कुठल्या बँकेनं आज किती कर्ज पुढे ढकललं आणि किती काढून नेलं, याची यादी दररोज तयार होऊ लागली. कुणी गुपचूप सटकत असेल तर त्याच्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला कळवलं जाई. पॅकेजच्या अब्जावधी डॉलरनी जे साधलं नव्हतं ते या यादीनं साधलं. आपण थांबलो तर शेजारीही थांबलाय हे प्रत्येकाला दिसू लागलं.

२८ जानेवारी १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्का करार झाला. कोरियन बँकांची अल्पमुदतीची देणी एक, दोन आणि तीन वर्षांच्या कर्जांत बदलण्यात आली. व्याज लंडनच्या आंतरबँक दरापेक्षा अनुक्रमे २.२५, २.५ आणि २.७५ टक्के जास्त. पुढे प्रत्यक्ष अदलाबदल झाली तेव्हा सुमारे २१.८ अब्ज डॉलरची कर्जं त्यात आली. हमी कोणाची? कोरियन सरकारची. म्हणजे खासगी बँकांनी खासगी बँकांना दिलेलं कर्ज, ज्यात चूक दोघांची होती, त्याची जबाबदारी करदात्यांवर आली. देणाऱ्यांना मुद्दल पूर्ण मिळालं आणि व्याजही वाढून मिळालं. संकट थांबवण्यासाठी त्या क्षणी दुसरा मार्ग नसेलही, पण हा न्याय झाला असं मला म्हणवत नाही.

किंमत कोरियातल्या साध्या माणसांनी मोजली. बाहेरून कर्ज थांबलं की देशाला चालू खात्यातली तूट परवडतच नाही. आयात तेवढ्यानं कमी व्हावी लागते, आणि काही आठवड्यांत निर्यात दुप्पट करता येत नसल्यामुळे सगळा भार आयात आणि खर्चाच्या कपातीवर पडतो. १९९६ ची २३ अब्जांची तूट १९९८ मध्ये ४० अब्जांच्या शिलकेत बदलली. वर्तमानपत्रात ही शिल्लक चांगली बातमी वाटते. प्रत्यक्षात ती बंद पडलेल्या यंत्रांची, न मागवलेल्या कच्च्या मालाची आणि न झालेल्या खरेदीची बेरीज होती. वॉन सावरण्यासाठी रोजच्या उसनवारीचे व्याजदर ३० टक्क्यांच्या आसपास गेले, आणि चौपट कर्जावर चालणारे उद्योग त्यात भाजून निघाले. १९९८ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आकसली. १९९७ मध्ये बेकारी अडीच टक्क्यांच्या आसपास होती, ती दुसऱ्या वर्षी ७ टक्क्यांवर गेली. ज्या देशात नोकरी म्हणजे आयुष्यभराची, अशी समजूत होती, तिथे हा आकडा अधिक बोचणारा होता.

१९९८ च्या सुरुवातीला लोकांनी घरातलं सोनं देशासाठी द्यायला सुरुवात केली. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची वळी, खेळाडूंची पदकं. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोनं दिलं, ते वितळवून सुमारे २ अब्ज डॉलर मिळाले. हे दान नव्हतं, वॉनमध्ये मोबदला मिळत होता, तरीही जगभर त्याचं कौतुक झालं. हिशेबात पाहिलं तर २ अब्ज म्हणजे डिसेंबरातले दोन वाईट दिवस. आपल्यालाही सोन्याचा हा रस्ता ठाऊक आहे. १९९१ मध्ये अनिवासी भारतीयांच्या ठेवी बाहेर जाऊ लागल्या, अल्पमुदतीची कर्जं नवं-जुनं होईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ते सोनं मुंबईहून विमानानं गेलं होतं. कोरियानं लोकांकडून उघडपणे मागितलं, आपण गुपचूप पाठवलं, हा दोन व्यवहारांतला फरक लक्षात राहतो.

कोरिया सावरला. नाणेनिधीचं कर्ज ऑगस्ट २००१ मध्ये, मुदतीच्या तीन वर्षं आधी फेडलं. संकटानंतर अर्जेंटिनाचे माजी अर्थउपमंत्री पाब्लो ग्विदोत्ती आणि फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावानं एक नियम रूढ झाला, तो असा की वर्षभर बाहेरून एक डॉलर कर्ज मिळालं नाही तरी भरता येईल इतकी, म्हणजे वर्षाच्या आत फेडायच्या कर्जाइतकी, गंगाजळी देशानं बाळगावी. १९९७ च्या कोरियाकडे त्याच्या निम्मीच होती.

पण नियम पाळूनही धोका टळत नाही, हेही कोरियानंच दाखवलं. २००८ मध्ये गंगाजळी २०० अब्जांच्या वर होती. मात्र जहाजबांधणी कंपन्या पुढे मिळणारे डॉलर बँकांना आधीच विकत होत्या, आणि तो सौदा तोलण्यासाठी बँका परदेशातून थोडक्या मुदतीचे डॉलर उसने घेत होत्या. वेगळ्या दारानं तेच कर्ज पुन्हा आत आलं होतं. लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर ते नवं-जुनं होणं थांबलं आणि वॉन पुन्हा घसरला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं ३० अब्ज डॉलरची अदलाबदलीची सोय दिली तेव्हा बाजार शांत झाला. ऑगस्ट २०११ पासून कोरियानं बँकांच्या परकीय चलनातल्या उसनवारीवर आकारणी सुरू केली. वर्षाच्या आतल्या कर्जावर ०.२ टक्के, आणि मुदत वाढेल तसा दर कमी. १९९३ मध्ये ज्या पैशाला मोकळीक होती, नेमकी त्याच पैशावर सर्वांत जास्त पट्टी.

आपली रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी परकीय गंगाजळीचा आकडा जाहीर करते आणि वर्तमानपत्रं तो वाढला की मोठ्या अक्षरांत छापतात. तिमाहीला परकीय कर्जाची आकडेवारीही येते. त्यात उर्वरित मुदतीनुसार वर्षाच्या आत फेडायच्या कर्जाचा एक रकाना असतो. मूळ मुदत दहा वर्षांची असली तरी येत्या वर्षात फेडायचं असलेलं सगळं कर्ज त्यात धरलेलं असतं. पुढच्या वेळी गंगाजळीची बातमी वाचाल, तेव्हा तो रकाना शोधून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.